फुलं गेल्यावरची ॲमॅरिलिस

“गेल्या वर्षी दोन दांडे आले होते हो, एकेका दांड्याला चार-चार फुलं. यंदा नुसती पानंच!” कुंडीत ॲमॅरिलिस लावणाऱ्या घरांतून मार्च-एप्रिलमध्ये ही तक्रार हमखास ऐकू येते. मग कुणी सांगतं कंद खोल गेला असेल, कुणी सांगतं खत कमी पडलं, कुणी म्हणतं कंद उपटून फ्रीजमध्ये ठेवा. हे सगळे उपाय फुलं यायच्या वेळी सुचतात, आणि त्या वेळी करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. या झाडाचं पुढच्या वर्षीचं फूल ठरतं ते आदल्या पावसाळ्यात, दांडा सुकून गेल्यावर आपलं कुंडीकडे लक्ष नसतं तेव्हा.

आपण जिला ॲमॅरिलिस किंवा ‘अमरिलीस लिली’ म्हणतो तिचं शास्त्रीय नाव हिप्पिॲस्ट्रम. मूळची ती दक्षिण अमेरिकेची. तिथे हिच्या बऱ्याच जाती अशा भागांत वाढतात जिथे पावसाचा आणि कोरडा असे दोन स्पष्ट ऋतू असतात. पावसात पानं, कोरड्यात विश्रांती, आणि पुन्हा ऊब-ओल मिळाली की फूल. म्हणूनच महाराष्ट्राची हवा तिला मानवते. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात जमिनीत लावलेले जुने कंद कुणी काही न करता दर उन्हाळ्यात फुलतात. अडचण येते ती कुंडीत आणि बाल्कनीत, कारण तिथे ऊन, पाणी आणि विश्रांती हे तिन्ही आपल्या हाताने द्यावं लागतं.

कंदाच्या आत काय चालतं हे एकदा पाहिलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. एका बाजूने कुजलेला, वाचण्याची आशा नसलेला एखादा मोठा कंद मिळाला तर तो टाकण्याआधी धारदार सुरीने उभा कापून पाहावा. कांद्यासारखे पांढरे पापुद्रे दिसतात. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एका पानाचा फुगलेला तळ. पान वाळून गेलं तरी तळ आत राहतो आणि त्यात साखर-पिठूळ साठलेलं असतं. नीट पाहिलं तर या पापुद्र्यांच्या मध्ये, कुठे बाहेरच्या बाजूला, कुठे थेट गाभ्याजवळ, चपट्या हिरवट-पांढऱ्या कळ्या दडलेल्या दिसतात. बाहेरची बोटाच्या पेराएवढी, आतली डाळीच्या दाण्याएवढी. बाहेरची यंदा किंवा पुढच्या मोसमात वर येणार असते, आतली त्याच्याही पुढच्या.

ह्या कळ्या मनमानी जागी नसतात. कंदाचा गाभा साधारण चार पानं तयार करतो, मग एक फुलांचा दांडा, मग पुन्हा चार पानं, पुन्हा एक दांडा. कळी आत तयार झाल्यापासून ती बाहेर येऊन फुलेपर्यंत वर्ष ते दीड वर्ष जातं. म्हणजे आज जो दांडा वर आला आहे त्याची सुरुवात गेल्या वर्षी, कदाचित त्याच्याही आधी झालेली असते. बागवान मंडळी पानं मोजतात ती याचसाठी. वर्षभरात कंदाने चारच पानं काढली तर एका दांड्याची जुळणी झाली, सात-आठ सशक्त पानं काढली तर दोन दांड्यांची आशा धरायची. हिशेब दरवेळी तंतोतंत जुळत नाही, कारण कंद दुबळा असेल तर आत तयार झालेली कळी तो तिथेच सुकवून टाकतो. असा कंद कापला तर पापुद्र्यांच्या मध्ये तपकिरी, कागदासारखी चिकटलेली एक वाळकी कळी सापडते. फूल ‘आलंच नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते आलेलं असतं आणि आतल्या आत गेलेलं असतं.

आता एक नेहमीचं उदाहरण घेऊ. पुण्यातल्या कुणी डिसेंबरात ऑनलाइन एक डच कंद मागवला. २६ सेंमी घेराचा. (हे कंद वजनावर नाही, घेरावर विकले जातात, शिंप्याची टेप सर्वांत फुगीर भागाभोवती धरली की घेर कळतो.) कुंडीत लावला, पाणी घातलं, महिन्या-दीड महिन्यात दोन दांडे, आठ फुलं. ही फुलं लावणाऱ्याच्या कसबाची नाहीत. ती हॉलंडमधल्या शेतकऱ्याने आधीच कंदात भरून पाठवली आहेत. त्याने पानं कापून, थंड कोठारात ठेवून, कंदाला एक विश्रांतीही देऊन टाकलेली आहे. आपलं काम फुलं संपल्यावर सुरू होतं. फेब्रुवारीत कंद हाताला मऊसर लागतो, टेप लावली तर घेर दोन-तीन सेंमीने उतरलेला दिसतो. सगळी शिदोरी फुलांवर खर्च झालेली असते.

पहिलं काम कात्रीचं. फूल कोमेजलं की त्याच्या मागचा हिरवा फुगीर भाग, म्हणजे बीजकोश, फुलासकट खुडायचा. तो राहू दिला तर फुगतो, त्यात काळ्या, पातळ, कागदी चकत्यांसारख्या बिया भरतात आणि कंदाची उरलीसुरली ताकद त्यात जाते. बियांपासून रोपं करायची हौस असेल तर खुशाल ठेवा, मात्र त्या रोपांना फुलायला तीन-चार वर्षं लागतात. दांडा मात्र लगेच कापू नये. तो हिरवा आहे तोवर पानासारखंच अन्न तयार करतो. पिवळा पडून लवू लागला की कंदाच्या वर दोन-तीन सेंमी ठेवून कापायचा. पोकळ दांड्यातून पाणी ठिबकतं, त्याने घाबरायला नको. कात्री प्रत्येक कंदाआधी स्पिरिटने पुसावी, कारण पानांवर पिवळे-हिरवे पट्टे उमटवणारा विषाणूजन्य रोग रसातून एका कंदावरून दुसऱ्यावर जातो आणि त्यावर औषध नाही. तसे पट्टे दिसले तर कंद कितीही लाडका असला तरी कचऱ्यात टाकावा, कंपोस्टमध्ये नाही.

यानंतरचे सहा-सात महिने पानांचे. इथेच बहुतेकांचं बिनसतं. फुलं असताना दिवाणखान्यात मानाने ठेवलेली कुंडी फुलं गेली की जिन्याखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात जाते. तिथे पानं येतात, लांबही वाढतात, पण पातळ आणि फिकी. मग वजनाने मोडून कुंडीच्या काठावर लोळतात. लोळणारं पान ही उजेड कमी पडल्याची खूण आहे. काही जण त्या पानांची वेणी घालतात किंवा सुतळीने जुडी बांधतात. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण अर्धी पानं सावलीत जातात. पानाला सकाळचं चार-पाच तास थेट ऊन मिळालं तर ते रुंद, जाड आणि ताठ होतं, आणि तसंच पान कंद भरतं. घरातली कुंडी एकदम एप्रिल-मेच्या कडक उन्हात मात्र नेऊन ठेवू नये. पानांवर पांढुरके भाजल्याचे चट्टे पडतात. आठ-दहा दिवस पूर्वेच्या सौम्य उन्हात, मग जास्त उन्हात, असं सरकवत न्यावं.

खताच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: युरियाची चिमूटसुद्धा नको. जास्त नत्राने पानं हिरवीगार, लुसलुशीत होतात, कंद मात्र पिचका राहतो आणि पावसात लवकर सडतो. लागवडीच्या मिश्रणात दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असली की निम्मं काम झालं. पानं जोमात वाढत असताना दर पंधरवड्याला १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरभर पाण्यात एक-दोन ग्रॅम, ओल्या मातीत. ऑगस्टनंतर ते थांबवून त्याच प्रमाणात ०:०:५०, म्हणजे पालाश. पानातली साखर कंदाकडे पोचवायला पालाश उपयोगी पडतं. रासायनिक नको असेल त्यांनी महिन्यातून एकदा ओंजळभर गांडूळखत आणि चुलीची चाळलेली राख चमचाभर द्यावी. फरक थोडा संथ दिसतो, पण दिसतो.

पाऊस हा या झाडाचा मित्र आहे, पण कुंडीतल्या साचलेल्या पाण्याने कंद हमखास जातो. म्हणून लावतानाच कंदाची मान आणि वरचा एक तृतीयांश भाग मातीच्या वर ठेवायचा. निशिगंधासारखा पूर्ण पुरला तर मानेत पाणी साचतं. कुंडी दोन विटांवर ठेवली की खालची भोकं मोकळी राहतात. बशी जूनमध्येच काढून टाकावी. घाटमाथ्यावर आणि कोकणात तर जुलैच्या झडीत कुंडी वळचणीला, पण उजेडात, सरकवणं बरं. कंद सडतोय हे कसं ओळखायचं? पान किंचित ओढलं की अलगद हातात येतं, त्याचा तळ बुळबुळीत असतो आणि आंबूस वास येतो. अशा वेळी औषध शिंपडत बसू नये. कंद उपटावा, मऊ झालेले पापुद्रे एकेक करून पांढरा, कडक गाभा लागेपर्यंत सोलावेत, जखमांना बुरशीनाशकाची पूड लावून चार-पाच दिवस सावलीत वाळवावा आणि नव्या, वाळूमिश्रित मातीत लावावा. तळाची चकती, जिथून मुळं फुटतात, ती शाबूत असेल तर कंद वाचतो. ती कुजली असेल तर नाही.

पावसाळ्यातल्या आणखी दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहायच्या. एक म्हणजे पानांवर, दांड्यावर आणि कंदावर उठणारे विटकरी-लाल डाग. ही बुरशी आहे आणि ती ओल्या पानावरून पसरते. डागाच्या जागी पान वाकडं होतं, दांडा तिथेच मोडतो. डागाळलेला भाग कापून जाळावा, पाणी वरून न घालता मातीत घालावं, आणि ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी उघडीप बघून करावी. मात्र कंदाला कुठे खरचटलं तरी तिथे लाली येते. एखाद्या कोरड्या, न पसरणाऱ्या लाल रेघेसाठी धावपळ करायची गरज नाही. दुसरं संकट अळीचं. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि लालसर-पिवळे चट्टे असलेली ही अळी लिली वर्गातल्या झाडांवरच येते. रात्रीत चार-पाच पानांचा फडशा पाडते, आणि काही अळ्या मानेतून कंदात शिरतात. लहान असताना त्या पानाच्या खालच्या बाजूला घोळक्याने असतात, तेव्हा पान उलटं करून चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या की काम भागतं. एका पावसाळ्यात पानं दोनदा फस्त झाली तर पुढच्या उन्हाळ्यात फुलाची वाट पाहू नये; कंदाकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं.

ऑक्टोबरपर्यंत आपल्या उदाहरणातल्या कंदाचा घेर पुन्हा मोजावा. २६ च्या आसपास परत आला असेल तर पानांनी काम चोख केलं. मोठ्या फुलांच्या संकरित जातींमध्ये घेर २० सेंमीच्या खाली असेल तर फुलाची आशा कमीच; अशा कंदाला विश्रांतीपेक्षा आणखी एक पानांचा मोसम हवा असतो. साध्या लाल-नारिंगी जुन्या जाती याहून लहान कंदावरही फुलतात.

आता विश्रांती. संत्र्या-मोसंबीच्या बागेला शेतकरी पाणी तोडून ताण देतात आणि मग बहार धरतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ॲमॅरिलिसचा ताण वरवर तसाच दिसतो, पण एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोसंबीत ताणामुळे झाड फुलाकडे वळतं. इथे कळी आधीच आत बसलेली असते. ताण तिला निर्माण करत नाही, फक्त पानांची वाढ थांबवून तिला बाहेर पडायची एक ठरावीक वेळ देतो. म्हणूनच रिकाम्या कंदाला कितीही ताण दिला तरी त्यातून फूल येत नाही. आणि म्हणूनच काही घरांत वर्षभर पाणी मिळूनही ॲमॅरिलिस फुलते, फक्त कधी फुलेल याचा नेम नसतो. या झाडाला विश्रांती सोयीची आहे, सक्तीची नाही. ‘पपिलिओ’ नावाने मिळणारी, पांढरट पाकळ्यांवर मरून रेघा असलेली जात तर सदाहरित आहे. तिला कोरडं ठेवून पानं घालवली तर ती उलट रुसते.

बाकीच्या कंदांना मात्र नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत महिनाअखेर बंद करावं. खतं त्याच्याही आधी बंद. कुंडी पावसा-दवापासून दूर, कोरड्या, हवेशीर सावलीत ठेवायची. पानं टोकाकडून पिवळी पडत खाली येतात. या दिवसांत हात आवरणं सर्वांत कठीण, कारण अर्धवट पिवळी पानं वाईट दिसतात आणि कापून टाकावीशी वाटतात. पिवळं पडणारं पान आपल्यातलं उरलेलं सगळं कंदाला परत करत असतं. ते पूर्ण वाळून कागद झालं की हलक्या हाताने ओढल्यावर निघतं, तोवर थांबावं. मुंबईत हिवाळा नावालाच असतो, तिथे एक-दोन पानं महिनाभर हिरवीच राहतात. राहू द्यावीत, पाणी मात्र घालू नये. कंद कुंडीतून काढायची गरज नाही, कारण याची मांसल मुळं दरवर्षी मरत नाहीत. काढून झटकून ठेवलेला कंद ती मुळं गमावतो आणि पुढचं वर्षही. फ्रीजचा सल्ला तर सरळ सोडून द्यावा. तिथली थंडी या कंदाला गरजेपेक्षा जास्त आहे, आणि शेजारी सफरचंदं-केळी असतील तर पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारू शकतो. डिसेंबर-जानेवारीची आपली थंडी पुरेशी आहे.

आठ ते दहा आठवडे झाले, म्हणजे साधारण फेब्रुवारी उजाडला, की कंद दाबून पाहावा. टणक लागला तर वरची दोन-तीन सेंमी माती खरवडून तिच्या जागी गांडूळखत भरावं आणि एकदा, एकदाच, कुंडी निथळेपर्यंत पाणी द्यावं. नंतर कोंब दिसेपर्यंत माती कोरडी पडू लागली तरच थोडं. इथे घाईने रोज पाणी घालणारे कंद सडवतात, कारण पानं नसल्याने पाणी पिणारं कुणीच नसतं. कोंब जाड, बोथट आणि एका बाजूने निघाला तर तो दांडा. चपटा आणि मधोमध आला तर ते पान. दांडा दिसल्यापासून आपल्या उकाड्यात तीन ते पाच आठवड्यांत फुलं. ज्या डच कंदाने पहिल्या वर्षी जानेवारीत फुलं दिली तो आता मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, आणि पुढे दरवर्षी तिथेच येतो. पानच आधी आलं तर निराश होऊन पुन्हा पाणी तोडू नये. फेब्रुवारीत दोनदा ताण दिलेला कंद पावसाळ्यात उभा राहत नाही. त्याला पानांचा एक पूर्ण मोसम द्यावा, पुढचं वर्ष त्याचं.

कुंडी बदलण्याबद्दल थोडक्यात. हा कंद ऐसपैस जागेत पानांवर जातो. कंद आणि कुंडीच्या कडेत दोन-तीन सेंमी अंतर पुरे. एका मोठ्या कंदाला सहा-सात इंची कुंडी ठीक. तीन वर्षांनी पिल्लांची इतकी गर्दी होते की सगळे मिळून नुसतं गवतासारखं पानं काढतात, फूल कुणालाच येत नाही. तेव्हा फेब्रुवारीत, पाणी सुरू करण्याआधी, मुळं न तोडता कंद सोडवावेत. आवळ्याहून लहान पिल्लं आईजवळच ठेवली तर लवकर भरतात. हातमोजे घालणं बरं, रसाने काहींच्या कातडीला खाज सुटते. आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर काढलेले कंद त्यांच्या तोंडी लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावेत, ते विषारी असतात.

एक गोष्ट खरेदी करताना. फुलवाल्याकडे मिळणाऱ्या, सहा पाकळ्यांच्या ओरिएंटल आणि एशियाटिक लिलींचे कंदही हल्ली कुंडीसाठी विकले जातात, आणि दुकानदार दोन्हींना ‘लिली बल्ब’च म्हणतो. त्यांचा कंद वेगळा: बाहेर तपकिरी साल नाही, लसणाच्या पाकळ्यांसारखे सुटे खवले. वर सांगितलेली कोरडी विश्रांती त्यांना चालत नाही, खवले वाळून जातात. उलट त्यांना ओलसर माध्यमात सहा ते आठ आठवडे दोन ते पाच अंशांची खरी थंडी लागते, आणि ती पुण्या-मुंबईत, नागपुरातसुद्धा मिळत नाही. पहिल्या वर्षीचं फूल शीतगृहातून आलेलं असतं, दुसऱ्या वर्षी येतात ती खुरटी पानं. वर्षभराची हौस म्हणून त्या जरूर लावा, पण दरवर्षी फुलणारा कंद हवा असेल तर ॲमॅरिलिसच मागा, आणि मागताना घेर विचारा.